‘आय विश आय नो’ का चालत नाही? विश आणि इफ ओन्लीच्या पुढचं भूतकाळी रूप

प्रश्न: “क्लायंटला मेल लिहिताना मी ‘आय विश आय नो द रीझन’ असं लिहिलं. टीम लीडनं ‘नो’चं ‘न्यू’ केलं. पण मला कारण आत्ता माहीत नाही, मी कालची गोष्ट सांगत नाहीये. मग भूतकाळ कशासाठी? ‘इफ ओन्ली’लाही हाच नियम आहे का? कारण एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात ‘इफ ओन्ली ही कम्स इन टाइम’ असं वाक्य छापलेलं पाहिलंय.”

तुमच्या टीम लीडनं केलेली दुरुस्ती बरोबर आहे. ‘विश’च्या पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य आलं की त्यातलं क्रियापद साध्या वर्तमानकाळात ठेवत नाहीत. ‘इफ ओन्ली’लाही बहुतेक ठिकाणी हेच लागू पडतं. तिथे एक खरा अपवाद आहे आणि तुम्ही पाहिलेलं वाक्य नेमकं त्याच अपवादातलं आहे, त्यामुळे पुस्तकही चुकलेलं नाही. त्याकडे शेवटी येतो.

तुमची खरी अडचण ‘विश’ची नाहीच. क्रियापदाचं रूप भूतकाळी दिसलं की गोष्टही भूतकाळातलीच असणार, असं तुम्ही धरून चालला आहात. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवताना ही समजूत मला जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटते, आणि तिच्यात शिकणाऱ्याचा दोष नाही. शाळेत आपल्याला तक्ते असेच शिकवले जातात: व्ही वन म्हणजे आज, व्ही टू म्हणजे काल. पण मराठीत आपण स्वतः हा नियम दिवसातून दहा वेळा मोडतो. ‘उद्या पाऊस पडला तर सामना होणार नाही.’ यातलं ‘पडला’ हे रूप सरळसरळ भूतकाळाचं आहे आणि गोष्ट उद्याची आहे. हे ऐकून कोणी गोंधळत नाही, कारण ‘तर’ आला की ‘पडला’ हे रूप काळ सांगायचं सोडून दुसरं काम करतं, हे आपल्या कानाला ठाऊक असतं.

इंग्रजीतलं व्ही टूसुद्धा असंच दुसरं काम करतं, फक्त ते काम वेगळं आहे. मराठीत ‘पाऊस पडला तर’ म्हणजे पडेल किंवा नाही पडणार, दोन्ही शक्यता उघड्या आहेत. इंग्रजीत व्ही टूचं दुसरं काम आहे वास्तवापासून लांब असलेली गोष्ट दाखवणं: जे तसं नाहीये, पण आपण क्षणभर तसं मानून बोलतोय. मराठीत यासाठी वेगळं रूप आहे. ‘असता तर’, ‘आला असता तर’ हे संकेतार्थाचं रूप ऐकलं की गोष्ट खरी नाही हे लगेच कळतं. जुन्या इंग्रजीतही अशा वापरासाठी क्रियापदांची वेगळी रूपं होती. शतकांच्या ओघात शब्दांचे शेवटचे प्रत्यय झिजले, ती रूपं साध्या भूतकाळासारखीच दिसू लागली आणि दोन्ही कामं एकाच रूपावर आली. म्हणून ‘आय विश आय न्यू’मधलं ‘न्यू’ म्हणजे ‘काल माहीत होतं’ नव्हे. ते आहे ‘माहीत असतं तर’मधलं ‘असतं’.

याची खात्री करून घ्यायची असेल तर हे वाक्य पाहा: ‘आय विश टुमॉरो वेअर संडे.’ उद्या रविवार असता तर किती बरं झालं असतं. ‘टुमॉरो’ शब्द वाक्यात धडधडीत आहे आणि क्रियापद ‘वेअर’. व्ही टू म्हणजे काल, एवढाच नियम असता तर हे वाक्य इंग्रजीत उभंच राहिलं नसतं. हे अंतर दाखवण्याचं काम व्ही टू आणखी एका ठिकाणी करतं. दुकानात किंवा फोनवर लोक ‘आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग’ म्हणतात. विचारायचं आत्ताच असतं, पण ‘वॉन्टेड’मुळे मागणी थोडी लांबून केल्यासारखी होते आणि बोलणं मऊ होतं.

आता ‘विश’कडे. हे रूप इथे सक्तीचं का, हे कळायला ‘विश’ आणि ‘होप’ शेजारी ठेवावे लागतात. शाळेत ‘विश’चा अर्थ ‘इच्छा करणे’ असा पाठ केलेला असतो, त्यामुळे पुढचं सगळं बिघडतं. इच्छा म्हटलं की डोळ्यापुढे भविष्य येतं, आणि मग ‘आय विश आय विल गेट धिस जॉब’ असं वाक्य तयार होतं. मुलाखतींच्या तयारीच्या वर्गात मला सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावं लागणारं वाक्य हेच. ज्या गोष्टीचा निकाल अजून लागायचा आहे, जी घडू शकते, तिच्यासाठी इंग्रजीत ‘होप’ आहे आणि ‘होप’पुढे साधा वर्तमान किंवा ‘विल’ चालतो: ‘आय होप आय गेट धिस जॉब.’ ‘विश’पुढे वाक्य जोडलं की बोलणारा सांगत असतो की वस्तुस्थिती याच्या उलट आहे. ‘आय विश आय हॅड अ जॉब’ असं म्हणणाऱ्याकडे नोकरी नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

यामुळे या दोन शब्दांतली निवड कधी कधी व्याकरणाची न राहता बोलणाऱ्याच्या मनातल्या अंदाजाची होते. लग्नाचं आमंत्रण देताना तुम्ही मैत्रिणीला ‘आय होप यू आर कमिंग’ लिहिलंत, तर तिला कळतं की तुम्ही वाट पाहताय. ‘आय विश यू वेअर कमिंग’ लिहिलंत, तर ती येणार नाही हे तुम्ही धरूनच चालला आहात. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, दोन्ही पुढच्या महिन्यातल्या त्याच लग्नाबद्दल आहेत. कोणतं लिहायचं हे व्याकरणाचं पुस्तक सांगू शकत नाही. ती येणार की नाही याबद्दल तुम्हाला काय वाटतं, त्यावर ते ठरतं.

तुमच्या मेलचंही तसंच आहे. ‘आय विश आय न्यू द रीझन’ वाचून क्लायंटला कळतं: यांना कारण सापडलेलं नाही आणि त्याची त्यांना खंत आहे. ‘आय विश आय नो’ वाचून अर्थ अंदाजानं लागतो, पण वाचणारा क्षणभर अडखळतो, कारण ‘विश’ सांगतो की गोष्ट खरी नाही आणि ‘नो’ सांगतो की ती खरी आहे. एक सुचवतो. क्लायंटच्या मेलमध्ये हे वाक्य व्याकरणानं शुद्ध असलं तरी हात टेकल्यासारखं वाटू शकतं. तिथे ‘वी आर स्टिल लुकिंग इन्टू द रीझन’ असं सरळ लिहिणं जास्त बरं. ‘विश’ शोभतो तो जिथे खंत खरोखर व्यक्त करायची आहे तिथे.

आता कोणतं रूप कधी वापरायचं, हे एका वहीतल्या परिच्छेदावरून दाखवतो. चाकणजवळच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मी ‘विश’ वापरून स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगितली होती. त्यानं लिहिलं होतं: ‘आय विश माय रूम इज बिग. आय विश आय कॅन ड्राइव्ह. आय विश आय लर्न ड्रायव्हिंग इन कॉलेज. आय विश माय रूममेट डझन्ट प्ले व्हिडिओज ॲट नाइट. आय विश आय डोन्ट हॅव टू वर्क टुमॉरो.’ पाचही वाक्यांतला विचार स्वच्छ आहे, आणि पाचही ठिकाणी फक्त क्रियापद जागचं हलायचं राहिलं आहे.

मी त्याला ‘विश’ बाजूला ठेवून आधी खरी परिस्थिती लिहायला सांगितली. माझ्या अनुभवात हीच पद्धत सगळ्यात पक्की. आधी सत्य लिहायचं, मग होकाराचा नकार किंवा नकाराचा होकार करायचा, आणि क्रियापद एक पायरी मागे न्यायचं. खोली लहान आहे: ‘माय रूम इज स्मॉल.’ उलट करून एक पायरी मागे नेलं की ‘आय विश माय रूम वेअरन्ट सो स्मॉल’, किंवा ‘लहान नसती’ऐवजी ‘मोठी असती’ म्हणायचं असेल तर ‘आय विश माय रूम वेअर बिगर’. दुसरं सत्य: ‘आय कान्ट ड्राइव्ह.’ ‘कॅन’ची एक पायरी मागे ‘कुड’, म्हणून ‘आय विश आय कुड ड्राइव्ह’. इथवर दोन्ही गोष्टी आत्ताच्या आहेत, म्हणून व्ही टूवर काम भागलं.

तिसरं वाक्य वेगळं आहे. कॉलेजात असताना शिकला नाही, ही गोष्ट होऊन गेली आहे: ‘आय डिडन्ट लर्न ड्रायव्हिंग इन कॉलेज.’ सत्य आधीच भूतकाळात आहे, आणि तिथूनही एक पायरी मागे जायचं, तर पूर्ण भूतकाळ लागतो, म्हणजे ‘हॅड’ आणि व्ही थ्री. ‘आय विश आय हॅड लर्न्ट ड्रायव्हिंग इन कॉलेज.’ म्हणजे व्ही टू ‘विश’ला कायमचं चिकटलेलं नाही. सत्य ज्या काळात आहे तिथून एक पायरी मागे जायचं, एवढंच. आत्ताच्या गोष्टीला व्ही टू, होऊन गेलेल्या गोष्टीला ‘हॅड’ आणि व्ही थ्री.

चौथ्या वाक्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. रूममेट रात्री मोठ्यानं व्हिडिओ लावतो, ही त्याची सवय आहे. नियमाप्रमाणे ‘आय विश माय रूममेट डिडन्ट प्ले व्हिडिओज ॲट नाइट’ हे अगदी बरोबर. पण त्या विद्यार्थ्याला नुसती खंत सांगायची नव्हती, त्यानं हे बंद करावं असं म्हणायचं होतं. दुसऱ्या कोणी तरी काही करावं किंवा करायचं थांबवावं, आणि त्यांनी मनावर घेतलं तर ते होऊ शकेल, असा सूर असला की ‘वुड’ येतो: ‘आय विश ही वुडन्ट प्ले व्हिडिओज ॲट नाइट.’ यात तक्रारीचा वास आहे, हे लक्षात असू द्या. साहेबांबद्दल लिहिताना जपून. पावसासारख्या निर्जीव गोष्टीलाही हा ‘वुड’ चालतो, ‘आय विश इट वुड स्टॉप रेनिंग’, कारण पाऊस थांबू शकतो. खोलीला मात्र चालत नाही. ‘आय विश माय रूम वुड बी बिगर’ हे वाक्य बसत नाही, कारण खोली मनावर घेऊन मोठी होणार नाही आणि आपोआप बदलणारही नाही. स्वतःबद्दल बोलतानाही ‘आय विश आय वुड’ टाळावं. आपल्याला जमत नाही असं म्हणायचं असतं, म्हणून तिथे ‘कुड’ बसतो.

पाचवं वाक्य उद्याचं आहे. उद्या कामावर जावं लागणार हे आजच ठरलेलं आहे, त्यामुळे सत्य ‘आय हॅव टू वर्क टुमॉरो’ असं वर्तमानातच लिहिलं जातं. एक पायरी मागे: ‘आय विश आय डिडन्ट हॅव टू वर्क टुमॉरो.’ ‘डिडन्ट’ आणि ‘टुमॉरो’ एकाच वाक्यात आलेले पाहून तो आधी मान्यच करेना. मग त्यालाच विचारलं, की उद्याची शिफ्ट लागलीय हे सत्य कधीचं? तो म्हणाला, “आत्ताचं.” त्यानंतर त्याची शंका उरली नाही.

इथे मराठी बोलणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे, आणि बारकाईनं बघितलं नाही तर नियम पाठ असूनही त्यात पाय जातो. ‘मला माहीत असतं तर सांगितलं असतं’ हे मराठी वाक्य घ्या. एखादी बाई आत्ता तुम्हाला पत्ता विचारतेय आणि तुम्हाला तो ठाऊक नाही, तेव्हा तुम्ही हेच म्हणता. मागच्या आठवड्यात सुट्टी असल्याचं कळलं नाही म्हणून कोणाला सांगायचं राहिलं, तेव्हाही हेच म्हणता. मराठीला चालतं, कारण प्रसंगावरून काळ कळतो. इंग्रजी मात्र ही दोन वाक्यं वेगळी करायला लावतं. पत्त्याच्या प्रसंगी ‘आय विश आय न्यू’, सुट्टीच्या प्रसंगी ‘आय विश आय हॅड नोन’. त्यामुळे मनात मराठी वाक्य आलं की लगेच भाषांतराला लागू नका. आधी स्वतःला ‘आत्ता की तेव्हा?’ एवढं विचारा. माझ्याकडच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत ‘विश’च्या चुका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. सुरुवातीला सगळीकडे वर्तमानकाळ असतो. नियम कळल्यावर उत्साहात सगळीकडे ‘हॅड’ यायला लागतो. दुसऱ्या प्रकारची चूक जास्त दिवस टिकते, कारण ती दिसायला शुद्ध असते.

याच्याच जवळचा एक बारीक मुद्दा. ‘विश’ हे क्रियापद स्वतःच भूतकाळात गेलं तर? शाळेत असताना मला वाटायचं की आपल्याला इंग्रजी यावं: ‘इन स्कूल आय विश्ड आय न्यू इंग्लिश.’ इथे पुष्कळ जण ‘विश्ड’ पाहून ‘हॅड नोन’ करतात, कारण एक पायरी मागे हा नियम ते आजपासून मोजतात. मोजायचं वाटण्याच्या क्षणापासून. शाळेत वाटत होतं तेव्हा इंग्रजी त्याच वेळी येत नव्हतं, दोन्ही गोष्टी एका काळातल्या, म्हणून ‘न्यू’ पुरतं. वाटण्याच्याही आधीची गोष्ट असेल तरच ‘हॅड’. ‘परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यावर मला वाटलं, रात्री थोडं झोपलो असतो तर’, याला मात्र ‘आय विश्ड आय हॅड स्लेप्ट’ हवं, कारण रात्र हॉलमध्ये बसण्याच्या आधीची.

‘विश’ दिसला म्हणजे भूतकाळ आलाच पाहिजे असं मात्र नाही. शुभेच्छा देताना ‘विश’पुढे वाक्य येतच नाही, नाम येतं: ‘आय विश यू अ स्पीडी रिकव्हरी.’ औपचारिक पत्रात ‘आय विश टू कॅन्सल माय बुकिंग’ असतं, तिथे ‘विश’ म्हणजे केवळ ‘वॉन्ट’ची सुटाबुटातली बहीण, आणि पुढे ‘टू’ लावून मूळ क्रियापद. या दोन्ही ठिकाणी काळाचा प्रश्नच उठत नाही. घोटाळा होतो तो दोन रचना मिसळल्यावर. आजारी माणसाच्या ग्रुपवर ‘आय विश यू गेट वेल सून’ असं हमखास येतं. ते ‘आय होप यू गेट वेल सून’ तरी करा, नाहीतर ‘आय विश यू अ स्पीडी रिकव्हरी’ तरी.

आता ‘इफ ओन्ली’. याचा मुख्य वापर ‘विश’सारखाच आहे, फक्त भावना जास्त तीव्र असते. ‘इफ ओन्ली आय न्यू!’ हे एकटंच उद्गारासारखं उभं राहतं, पुढे काही जोडलं नाही तरी चालतं. आत्ताच्या गोष्टीला व्ही टू, गेलेल्या गोष्टीला ‘इफ ओन्ली आय हॅड नोन’, कोणी काही करावं यासाठी ‘इफ ओन्ली ही वुड लिसन’. पुढे परिणाम जोडायचा असेल तर दुसऱ्या भागात ‘वुड’ येतो: ‘इफ ओन्ली आय न्यू हिज नंबर, आय वुड कॉल हिम.’ गेलेल्या गोष्टीत ‘वुड हॅव’.

फरक आहे तो तुमच्या पुस्तकातल्या वाक्यात. ‘इफ ओन्ली ही कम्स इन टाइम’ यात बोलणाऱ्याला तो अजूनही वेळेत पोचू शकेल असं वाटतंय. हे वाक्य अर्थानं ‘आय होप ही कम्स इन टाइम’च्या जवळचं आहे, म्हणून वर्तमानकाळ चालून जातो. ‘इफ ओन्ली ही विल लिसन’ असंही याच अर्थानं आढळतं. हे का शक्य होतं? कारण ‘इफ ओन्ली’च्या पोटात ‘इफ’ आहे, आणि ‘इफ’ला उघडी शक्यता आणि अवास्तव कल्पना दोन्ही चालतात: ‘इफ ही कम्स’ वेगळं, ‘इफ ही केम’ वेगळं. ‘विश’ला ही सोय नाही, कारण उघड्या शक्यतेचं काम इंग्रजीनं ‘होप’कडे देऊन टाकलं आहे. म्हणून ‘इफ ओन्ली ही कम्स’ चालतं आणि ‘आय विश ही कम्स’ चालत नाही. आजच्या लेखनात हा वर्तमानकाळी वापर क्वचित दिसतो. आशा व्यक्त करायची असेल तर सरळ ‘आय होप’ लिहा, असं मी सांगतो. परीक्षेत ‘इफ ओन्ली’पुढे रिकामी जागा आली तर वाक्यातल्या बाकीच्या खुणा बघा. खंत असेल, पुढच्या भागात ‘वुड’ असेल, तर वर्तमानकाळाचा पर्याय बाद करा.

शब्दांची अदलाबदल मात्र सांभाळा. ‘ओन्ली इफ’ ही निराळी चीज आहे, तिचा अर्थ ‘तरच’. ‘द डोअर ओपन्स ओन्ली इफ यू एंटर द पासवर्ड.’ पासवर्ड टाकला तरच दार उघडतं. ही खरीखुरी अट आहे, म्हणून इथे वर्तमानकाळच हवा. इंटरनेटवर ‘इफ ओन्ली’ शोधताना असली वाक्यं मध्ये आली की लोकांना अपवाद सापडल्यासारखं वाटतं. तो अपवाद नसतो, वाक्यच वेगळं असतं.

राहता राहिलं ‘वॉझ’ की ‘वेअर’. ‘आय विश आय वेअर टॉलर’ आणि ‘आय विश आय वॉझ टॉलर’ दोन्ही ऐकू येतात. वर ज्या झिजलेल्या रूपांबद्दल लिहिलं, त्यांतलं ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांच्यापुढचं ‘वेअर’ हे एकच रूप आजवर वेगळं टिकून आहे. बोलण्यात ‘वॉझ’ सर्रास चालतं आणि ते चूक नाही. स्पर्धा परीक्षेत, अर्जात किंवा औपचारिक मेलमध्ये ‘वेअर’ लिहा, तिथे कोणी बोट ठेवणार नाही. अमेरिकी मालिका बघणाऱ्यांना ‘आय विश आय वुड हॅव नोन’ असंही ऐकू येईल. तिथल्या बोलण्यात ते आहे, पण लिहिताना ‘आय विश आय हॅड नोन’च ठेवा.

आणि ऐकताना एक अडचण येते ती ‘आय’ड’, ‘ही’ड’ या आखूड रूपांची, कारण ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोन्ही आखडून एकसारखे ऐकू येतात. अशा वेळी पुढच्या क्रियापदाकडे कान द्या. ‘आय विश ही’ड टेकन इट’मध्ये पुढे व्ही थ्री आहे, म्हणून तो ‘हॅड’ आणि गोष्ट होऊन गेलेली. ‘आय विश ही’ड टेक इट’मध्ये मूळ रूप आहे, म्हणून तो ‘वुड’ आणि त्यानं घ्यावं अशी इच्छा अजून बाकी. ‘पुट’ आणि ‘कट’सारख्या क्रियापदांचं मूळ रूप आणि व्ही थ्री एकच असतं. तिथे बोलणं कशाबद्दल चाललंय यावरूनच ठरवावं लागतं.